ओ पॉझिटिव्ह रुग्णाला ओ पॉझिटिव्हची एकही पिशवी का जुळत नाही?

प्रश्न: रुग्णाच्या कार्डावर ओ पॉझिटिव्ह लिहिलंय, पण रक्तपेढीत ओ पॉझिटिव्हच्या सहाच्या सहा पिशव्या क्रॉसमॅचला जुळल्या नाहीत. आता म्हणतात ‘बॉम्बे गट’ असेल, नाहीतर एखाद्या मायनर गटाची अँटीबॉडी असेल. या दोन्हींत फरक काय, तो कळतो कसा? अजून पिशव्या लावून बघितल्या तर एखादी जुळेल का?

उत्तर:

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण वेळ त्यातच जातो. बॉम्बे गट असेल तर ओच्या पाचशे पिशव्या लावल्या तरी एकही जुळणार नाही. मायनर गटाची अँटीबॉडी असेल तर बहुतेक वेळा जुळते, फक्त किती पिशव्या बघाव्या लागतील ते अँटीबॉडी कुठली यावर ठरतं. म्हणून सातवी पिशवी उघडायच्या आधी आपण कुठल्या बाजूला आहोत हे ठरवायचं. त्यासाठी साध्या ट्यूब आणि अर्धा तास पुरतो.

एबीओ आणि आरएच धरून आज चाळीसहून जास्त रक्तगट प्रणाली मोजल्या जातात. या दोन सोडून बाकीच्यांना बोलीत मायनर गट म्हणतात. रक्तपेढीच्या रोजच्या कामात त्यातल्या केल, डफी, किड, एमएनएस, लुईस एवढ्यांशीच गाठ पडते. यातल्या केल, डफी आणि किडच्या अँटीबॉडी जन्मतः नसतात. आधी कधीतरी परकं रक्त चढलेलं असतं किंवा गरोदरपण झालेलं असतं, तेव्हा त्या तयार होतात. शिवाय त्यांचं लक्ष्य, म्हणजे पेशीवरची खूण असलेला अँटीजेन, सगळ्या दात्यांच्या पेशींवर नसतं. केलचा के अँटीजेन दहातल्या एकाकडेही नसतो, म्हणून अँटी-के असलेल्या रुग्णाला बहुतेक पिशव्या जुळतात आणि एखादीच अडते. किडचा जेके-ए मात्र साधारण चारातल्या तिघांकडे किंवा त्याहून थोड्या जास्त लोकांकडे असतो. तिथे चार-पाच पिशव्यांमागे एक जुळते. हा हिशेब पुढे नेला तर अँटी-जेके-ए असताना सलग सहा पिशव्या न जुळण्याची शक्यता चारात किंवा पाचात एक निघते. म्हणजे ‘सहाही जुळल्या नाहीत, म्हणजे बॉम्बेच’ हा तर्क कच्चा आहे. पिशव्यांची संख्या बाजूला ठेवा, त्या कुठल्या पायरीवर अडल्या ते विचारा.

क्रॉसमॅचमध्ये रुग्णाच्या प्लाझ्माचे दोन थेंब आणि दात्याच्या धुतलेल्या तांबड्या पेशींच्या ३ ते ५ टक्के द्रावणाचा एक थेंब ट्यूबमध्ये घालतात. लगेच सेंट्रिफ्यूज करून हलक्या हाताने हलवून बघतात. ही पहिली पायरी, खोलीच्या तापमानाची. मग ट्यूब ३७ अंशांवर ठेवायची, पेशी सलाईनने तीन-चारदा धुवायच्या आणि पेशींना चिकटलेल्या अँटीबॉडीला पकडणारं कूम्ब्सचं सीरम घालून पुन्हा फिरवायचं. किड, डफी, केल यांच्या अँटीबॉडी आयजीजी जातीच्या असतात. त्या पेशीला चिकटतात, पण दोन पेशींना एकत्र ओढू शकत नाहीत, म्हणून पहिल्या पायरीवर ट्यूब स्वच्छ दिसते आणि कूम्ब्सला गुठळी येते. बॉम्बे गटातली अँटी-एच मुख्यतः आयजीएम असते. ती पहिल्याच पायरीवर पेशींचा एक घट्ट गोळा करते, आणि ३७ अंशांवर गेल्यावरही सोडत नाही. काही ठिकाणी क्रॉसमॅच फक्त जेल कार्डावर, थेट कूम्ब्सच्या पायरीवर होतो. तिथे हा धागा हाताला लागत नाही. अशा वेळी एक साधी ट्यूब खोलीच्या तापमानाला लावून बघायला सांगा.

आता एच म्हणजे काय ते थोडक्यात. ए आणि बी हे अँटीजेन पेशीवर थेट बसत नाहीत. आधी एका साखळीच्या टोकाला फ्यूकोज ही साखर जोडली जाते, तो एच. त्याच्यावर आणखी एक साखर चढली की ए किंवा बी होतो. ओ गटात काहीच चढत नाही, म्हणून एच उघडा राहतो. सगळ्यांत जास्त एच ओच्या पेशींवर असतो आणि सगळ्यांत कमी ए१ आणि ए१बीवर. फ्यूकोज जोडणारं एंझाइम तांबड्या पेशींसाठी एफयूटी१ या जनुकातून येतं, आणि लाळेसारख्या स्रावांसाठी एफयूटी२मधून. दोन्ही जनुकं १९व्या गुणसूत्रावर जवळजवळ आहेत. दोन्ही निकामी असलेल्या माणसाकडे पेशींवर एच नाही, लाळेत एच नाही, आणि त्यामुळे आईबापांकडून ए किंवा बीचं जनुक आलेलं असलं तरी ते बसायला जागा नाही. शरीराला एच परका, म्हणून अँटी-ए आणि अँटी-बीबरोबर अँटी-एचही बालपणीच, कुठलंही रक्त न चढता तयार होते. १९५२ मध्ये मुंबईत वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी हा गट वर्णन केला, म्हणून नाव बॉम्बे. भारतात ढोबळमानाने १० हजारांत एक आणि युरोपात १० लाखांत एक असा आकडा देतात.

यातून एक विचित्र गोष्ट निघते. आणीबाणीत ‘ओ निगेटिव्ह देऊन टाका, कुणालाही चालतं’ हा नियम इथे नेमका उलटा पडतो, कारण ओची पिशवी म्हणजे एचने सगळ्यांत जास्त भरलेली पिशवी. अँटी-एच रक्तातल्या कॉम्प्लिमेंट नावाच्या प्रथिनांना जोडून पेशी शिरेतच फोडते. ताप, पाठीत-कमरेत कळ, रक्तदाब पडणं, लालसर-काळपट लघवी हे सगळं थोडंसं रक्त गेल्यावरही सुरू होऊ शकतं. बेशुद्ध रुग्णात यातलं मुख्यतः लघवीचा रंग आणि रक्तदाब दिसतो.

एक उदाहरण घेऊ. समजा ३२ वर्षांची बाई, दोन बाळंतपणं झालेली, पहिल्या बाळंतपणात एक पिशवी चढवल्याचं ती सांगते. हिमोग्लोबिन ५.८, शस्त्रक्रिया ठरलेली. कार्डावर ओ पॉझिटिव्ह. इथे लगेच शंका यावी: बॉम्बे असेल तर ती पिशवी पचली कशी? कधीकधी उत्तर एवढंच असतं की ती पिशवी प्लाझ्माची होती. प्लाझ्मा कुठल्याही गटाचा असला तरी तिच्या पेशींवर ए, बी, एच काहीच नसल्याने त्रास होत नाही. कधी जुन्या नोंदीत ‘थंडी वाजून ताप, पिशवी बंद केली’ असं सापडतं. नोंद मागवाच.

आधी नवा नमुना घ्या, ट्यूबवर पलंगाशीच नाव घाला, कारण नमुन्याची अदलाबदल ही बॉम्बेपेक्षा कितीतरी जास्त वेळा होणारी गोष्ट आहे. मग दोन्ही बाजूंनी ग्रुपिंग करा: वरच्या ओळीत रुग्णाच्या पेशी तपासायच्या, खालच्या ओळीत, म्हणजे रिव्हर्स ग्रुपिंगमध्ये, तिचा प्लाझ्मा. ० म्हणजे गुठळी नाही, ४+ म्हणजे एकच घट्ट गोळा. या बाईच्या ट्यूब अशा वाचल्या जातात:

अँटी-ए ०, अँटी-बी ०, अँटी-एबी ०, अँटी-डी ४+
ए१ पेशी ४+, बी पेशी ४+, ओ पेशी ४+, स्वतःच्या पेशी ०

वरची ओळ पाहून कुणीही ओ पॉझिटिव्ह म्हणेल. खालच्या ओळीतल्या पहिल्या दोन ट्यूबही तेच सांगतात. सगळा उलगडा तिसऱ्या ट्यूबमध्ये आहे. ओ गटाच्या माणसाचा प्लाझ्मा एरवी ओच्या पेशींना गोळा करत नाही. रिव्हर्स ग्रुपिंगमध्ये ओ पेशींची ट्यूब लावायला कंटाळा केला जातो, आणि कार्डावर ‘ओ’ छापला जातो तो तिथेच. प्लाझ्माऐवजी ताजं सीरम वापरलं असेल तर आणखी एक फसगत होते. गुठळी अर्धवट दिसते किंवा दिसतच नाही, पण वरचं पाणी गुलाबी झालेलं असतं. पेशी फुटल्या, हे त्याचं कारण. ही ट्यूब निगेटिव्ह धरू नका, हा जोरदार पॉझिटिव्ह आहे. ईडीटीए नमुन्यात कॅल्शियम बांधलं जातं, कॉम्प्लिमेंट चालत नाही, म्हणून तिथे हे दिसत नाही.

चौथी ट्यूबही तेवढीच महत्त्वाची. स्वतःच्या पेशी स्वच्छ आल्या म्हणजे ऑटोअँटीबॉडी बहुतेक बाजूला पडली. थंडीत काम करणारी अँटी-आयएच नावाची एक अँटीबॉडीही ओच्या पेशींना गोळा करते, पण ती ए१, ए१बी किंवा बी गटाच्या लोकांत सापडते, म्हणजे तिथे वरच्या ओळीत ए किंवा बी दिसतोच. बॉम्बेला खरी स्पर्धा उरते ती जवळजवळ सगळ्यांकडे असलेल्या एखाद्या मायनर अँटीजेनविरुद्धच्या अँटीबॉडीची. तिथेही सगळ्या पिशव्या अडतात. फरक असा की त्या माणसाच्या स्वतःच्या पेशींवर एच भरपूर असतो.

म्हणून पुढची चाचणी एचची. युलेक्स युरोपियस या झुडपाच्या बियांपासून काढलेलं लेक्टिन, म्हणजे साखरेला चिकटणारं प्रथिन, फ्यूकोज ओळखतं. रुग्णाच्या धुतलेल्या पेशींच्या द्रावणाचा एक थेंब आणि लेक्टिनचा एक थेंब, थोडा वेळ ठेवून फिरवायचं. शेजारी ओच्या पेशींची ट्यूब हवी, ती ३+ ते ४+ यायलाच हवी. तीच सपाट आली तर बाटली मेलेली आहे आणि रुग्णाच्या निकालाला अर्थ नाही. ए१बीच्या पेशी लेक्टिनला फार क्षीण किंवा शून्य येऊ शकतात, त्यामुळे नुसत्या ‘अँटी-एच निगेटिव्ह’वरून बॉम्बे म्हणू नये. वर ए आणि बी शून्य, ओ पेशींशी ४+, स्वतःशी शून्य आणि लेक्टिनला शून्य, हे चारही एकत्र आले तरच.

उरतो प्रश्न खरा बॉम्बे की पॅरा-बॉम्बे. पॅरा-बॉम्बेमध्ये पेशींवरचा एच नाही किंवा नावापुरता आहे, पण बहुतेकांचं एफयूटी२ चालू असतं, म्हणून लाळेत एच येतो. दोन-तीन मिलिलिटर लाळ घ्या, उकळत्या पाण्यात ट्यूब आठ-दहा मिनिटं ठेवा, कारण लाळेतली एंझाइम्स मारली नाहीत तर ती एचच खाऊन टाकतात. फिरवून वरचा निवळ भाग घ्या. लेक्टिन आधी एवढं पातळ करून ठेवा की ओच्या पेशींना ते जेमतेम २+ देईल. घट्ट लेक्टिन वापरलं तर लाळेतला एच ते संपवू शकत नाही आणि सगळेच बॉम्बे निघतात. निवळ लाळ आणि हे पातळ लेक्टिन दहा मिनिटं एकत्र ठेवा, मग ओ पेशी घाला. गुठळी झाली तर लाळेत एच नव्हता, न झाली तर होता. लाळेऐवजी सलाईन घातलेली एक ट्यूब सोबत ठेवा, तिच्यात गुठळी आलीच पाहिजे. आपल्या उदाहरणात गुठळी येते. बाई खरी बॉम्बे.

पॅरा-बॉम्बे निघाला असता तर वाट थोडी सोपी होते. तिथली अँटीबॉडी बऱ्याचदा थंड तापमानापुरती असते. ३७ अंशांवर आणि कूम्ब्सला क्रॉसमॅच स्वच्छ आला तर तज्ज्ञ डॉक्टर रुग्णाच्या एबीओला चालणारी साधी पिशवी द्यायचा विचार करू शकतात. खऱ्या बॉम्बेला फक्त बॉम्बेचं रक्त.

आता इथे मायनर गट परत येतात, आणि बहुतेक लेखांत हा भाग गाळलेला असतो. अँटीबॉडी शोधण्याच्या स्क्रीनिंग पेशी आणि पॅनेलच्या पेशी सगळ्या ओ गटाच्या असतात. या बाईचा प्लाझ्मा त्या सगळ्यांना ४+ देणार. त्या गोंगाटाखाली बाळंतपणात तयार झालेली एखादी अँटी-जेके-ए दडलेली असली तरी दिसणार नाही. समजा रजिस्टरमधले दोन बॉम्बे पॉझिटिव्ह दाते आले. पहिल्याची पिशवी सगळ्या पायऱ्यांवर शून्य. दुसऱ्याची खोलीच्या तापमानाला शून्य, ३७ अंशांवर शून्य, कूम्ब्सला २+. अनेकांना इथे वाटतं की दुसरा दाता ‘पुरता बॉम्बे नाही’. तसं असतं तर गुठळी पहिल्याच पायरीवर आली असती. फक्त कूम्ब्सला येणारा २+ म्हणजे खाली दुसरी, आयजीजीची अँटीबॉडी आहे. दात्याच्या पेशींचीच डायरेक्ट कूम्ब्स शून्य आहे ना, म्हणजे त्यांना आधीपासूनच अँटीबॉडी चिकटलेली नाही ना, एवढं आधी पाहून घ्या.

ती शोधायला अँटी-एच काढून टाकावी लागते. रुग्णाच्या स्वतःच्या पेशींचा मायनर गट आधी करून घ्या, कारण जे अँटीजेन तिच्याकडे आहेत त्यांच्याविरुद्ध ती अँटीबॉडी बनवणार नाही, यादी तिथेच निम्मी होते. इथे ती जेके-ए निगेटिव्ह निघते. मग जेके-ए नसलेल्या ओच्या धुतलेल्या, घट्ट बसवलेल्या पेशी आणि तेवढाच प्लाझ्मा, म्हणजे एक मिलिलिटरला एक मिलिलिटर, एकत्र करून ठेवायचं. ओच्या पेशी अँटी-एच शोषून घेतात. त्यांच्यावर जेके-ए नसल्याने अँटी-जेके-ए असेल तर प्लाझ्मातच राहते. बॉम्बेची अँटी-एच जोरदार असते, त्यामुळे एकदा करून भागत नाही, नव्या पेशी घेऊन तीन-चार वेळा करावं लागतं. त्याच पेशींशी प्लाझ्मा शून्य आला की थांबायचं, कारण प्रत्येक फेरीत पेशींसोबतच्या सलाईनने प्लाझ्मा थोडा पातळ होतो आणि क्षीण अँटीबॉडी त्यात हरवू शकते. हा शोषलेला प्लाझ्मा जेके-ए असलेल्या ओच्या पेशींवर कूम्ब्सला २+, आणि नसलेल्यांवर शून्य: निदान झालं. हे काम छोट्या रक्तपेढीने स्वतः करण्यापेक्षा मोठ्या संदर्भ प्रयोगशाळेकडे नमुना पाठवलेला बरा. सोबत तिथे लागेल तेवढा प्लाझ्मा द्या, एका छोट्या ट्यूबमध्ये हे होत नाही.

आता गणित बघा. बॉम्बे १० हजारांत एक आणि त्यातले जेके-ए निगेटिव्ह चार-पाचांत एक, म्हणजे ४०-५० हजारांत एक दाता. पण सख्ख्या भावंडात हे चित्र पार बदलतं. आईबाप दोघेही एचचं बिघडलेलं जनुक वाहणारे असतील तर प्रत्येक भावंड बॉम्बे असण्याची शक्यता चारात एक. किडचं जनुक १८व्या गुणसूत्रावर आहे, स्वतंत्रपणे वाटलं जातं, आणि रुग्ण स्वतः जेके-ए निगेटिव्ह असल्याने भावंडही तसंच असण्याची शक्यता किमान चारात एक. दोन्ही मिळून सोळात एक, कधी त्याहून चांगली. समाजमाध्यमांवर आवाहन करण्याआधी घरातल्या प्रत्येक भावाबहिणीचा नमुना घ्या. मात्र सख्ख्या नातलगाची पिशवी देण्याआधी तिला किमान २५ ग्रेचा किरणोत्सर्ग द्यावा लागतो, नाहीतर त्यातल्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीरात रुजून जिवावर बेतू शकतं. दात्याच्या आजाराच्या नेहमीच्या चाचण्या नात्यामुळे माफ होत नाहीत, हेही घरच्यांना आधीच सांगून ठेवावं.

शस्त्रक्रिया थांबू शकत असेल तर थांबवणं हाच माझ्या मते पहिला उपाय. या बाईला शिरेतून लोह देऊन हिमोग्लोबिन वाढवता येतं. ते ११ च्या वर गेलं तर तिचंच रक्त काढून ठेवता येतं, फक्त शेवटची पिशवी शस्त्रक्रियेच्या किमान ७२ तास आधी काढलेली असावी. द्रव पिशवी ३५ ते ४२ दिवस टिकते. त्याहून लांबचं असेल तर पेशी ४० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ६५ अंशांच्या खाली गोठवून १० वर्षं ठेवतात, पण वितळवून ग्लिसरॉल धुतल्यावर ती पिशवी सहसा २४ तासांत वापरावी लागते. म्हणून ‘गोठवलेली आहे’ असं ऐकलं की ती आधीच वितळवून मागवू नका, टेबलावर गरज पडेल असं दिसल्यावर मागवा.

आता कार्ड. ‘ओ पॉझिटिव्ह’वर काट मारा आणि लिहा: बॉम्बे, आरएच डी पॉझिटिव्ह, अँटी-जेके-ए, ओचं रक्त देऊ नये. बॉम्बे हे पुढच्या रक्तपेढीत ओ पेशींच्या ट्यूबवरून पुन्हा कळेल. अँटी-जेके-ए कळेलच असं नाही, कारण किडच्या अँटीबॉडी काही महिन्यांत प्लाझ्मातून दिसेनाशा होतात आणि तेव्हा जेके-ए असलेली बॉम्बे पिशवीही क्रॉसमॅचला स्वच्छ जुळते. ती चढवली की अँटीबॉडी भराभर परत वाढते, आणि आठवड्याभरात हिमोग्लोबिन उतरतं, डोळे पिवळे होतात.